खग्रास ग्रहणात चंद्र तांबूस का होतो? फळ्यावर लिहिलेले माझे उत्तर चुकले असावे

शहापूरची_शिक्षिका

नमस्कार. मी बेळगावात शहापूर भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, म्हणजे 7 सप्टेंबर 2025 रोजी, जे खग्रास चंद्रग्रहण झाले, ते आमच्या गच्चीवरून ढगांच्या फटींतून तुकड्या-तुकड्यांनी दिसले. अकरा वाजून गेल्यावर ढग बाजूला झाले, तेव्हा चंद्र घासून ठेवलेल्या तांब्याच्या बंबासारखा नव्हे, तर महिनाभर न घासलेल्या बंबासारखा दिसत होता. मंद, तपकिरीकडे झुकणारा लाल, आणि खालची कड तेवढी जरा उजळ.

सोमवारी वर्गात एका मुलीने विचारले, ‘बाई, पृथ्वीची सावली काळी असते, मग चंद्रावर लाल उजेड आला कुठून?’ मी फळ्यावर आकृती काढून सांगितले की सूर्याचे किरण पृथ्वीच्या वातावरणातून जाताना वळतात, आणि लाल किरण जास्त वळत असल्यामुळे तेच सावलीच्या आत पोहोचतात. तिने लगेच वही उघडून मागच्या प्रकरणातील लोलकाची आकृती माझ्यापुढे धरली. त्या आकृतीत लाल किरण सर्वांत कमी वळलेला होता आणि जांभळा सर्वांत जास्त. मला उत्तर सुचले नाही. उद्या सांगते, असे म्हणून मी तास संपवला. माझे नेमके कुठे चुकले, हे कोणी समजावून सांगेल का?

निपाणीकर

बाई, तुमचे फारसे चुकलेले नाही असे मला वाटते. वातावरण भिंगासारखे काम करते आणि सूर्याचा प्रकाश सावलीच्या आत वळवते, हे अगदी बरोबर आहे. लोलक काचेचा असतो आणि वातावरण हवेचे आहे, त्यामुळे दोन्हीकडे नियम सारखाच लागू पडेल असे नाही. हवेत लाल रंगाची लहर लांब असल्यामुळे ती पृथ्वीला वळसा घालून जाते, असे मी एका व्याख्यानात ऐकले होते. निळी लहर आखूड असल्यामुळे सरळ निघून जाते आणि चंद्राला चुकते.

मार्कंडेय_काठ

निपाणीकर, आपल्या पहिल्या दोन वाक्यांतील भिंगाची गोष्ट पूर्ण खरी आहे, पण पुढचे मला दुरुस्त करावे लागेल, कारण बाईंच्या विद्यार्थिनीने बोट ठेवले ते नेमके त्याच जागी आहे. हवेतही निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा थोडा जास्तच वळतो. फरक अगदी किरकोळ असतो, पण त्याची दिशा लोलकासारखीच असते. त्यामुळे केवळ वळण्यावर रंग ठरला असता, तर सावलीच्या खोल भागात निळ्याचाच हात वर राहिला असता. आणि लांब लहर वळसा घालते म्हणावे, तर पृथ्वीच्या आकारापुढे लाल आणि निळ्या लहरींच्या लांबीतील फरक नगण्य आहे.

खरे असे आहे की येथे दोन वेगळी कामे चालतात आणि आपण ती एकाच कारणात कोंबतो. प्रकाशाला सावलीच्या आत आणण्याचे काम अपवर्तन करते, आणि ते सर्व रंगांना जवळपास सारखेच आणते. त्या प्रकाशातील कोणता रंग वाटेत टिकेल, हे हवेच्या रेणूंकडून होणारे विखुरणे ठरवते. लाल जास्त वळतो म्हणून पोहोचतो असे नाही. सगळेच वळतात, पण निळा वाटेतच चहूकडे फेकला जातो आणि लाल उरतो. बाई, फळ्यावर एवढी एक दुरुस्ती केली तरी पुरे.

आधी वळण्याचा हिशेब पाहू. आपण राजहंसगडावरून सूर्यास्त पाहतो, तेव्हा सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते त्या क्षणी, हवा नसती तर संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असता. क्षितिजावरचा किरण हवेत सुमारे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक वळतो, आणि सूर्याच्या बिंबाची रुंदीही तेवढीच आहे, म्हणून हे घडते. आता तो किरण आपल्या डोळ्यात न थांबता जमिनीला घासून तसाच पुढे गेला, असे समजा. बाहेर पडताना हवेचा तितकाच थर पुन्हा लागतो आणि तो पुन्हा तेवढाच वळतो. दोन्ही मिळून एक अंश आणि वर दहा कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग, एवढे वळण होते.

आता गरज किती आहे ते पाहा. चंद्रावरून पाहिले तर पृथ्वीची त्रिज्या साधारण एक अंशाएवढी दिसते. म्हणजे पृथ्वीच्या कडेवरून गेलेल्या किरणाला सावलीच्या मधोमध पोहोचायचे असेल, तर त्याला सुमारे एक अंश वळावे लागते. हवा सव्वा अंशाच्या आतबाहेर वळवू शकते आणि गरज आहे एका अंशाची. चंद्र आज आहे त्याच्या निम्म्या अंतरावर असता, तर सावलीच्या मध्यभागी जवळजवळ काहीच पोहोचले नसते आणि तेथे खरोखरच अंधार राहिला असता.

शहापूरची_शिक्षिका

सर, हे फार चांगले समजले. राजहंसगडाचे उदाहरण मी तसेच वर्गात सांगेन, कारण निम्मी मुले तिकडे जाऊन आलेली आहेत. पण विखुरण्याने निळा खरोखर एवढा नाहीसा होतो का? दुपारी सूर्याच्या प्रकाशातून निळा काढून टाकलेला दिसत नाही.

हुक्केरी_अण्णा

यात हवेच्या रेणूंपर्यंत जाण्याची गरज नाही, असे माझे प्रांजळ मत आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे कारखान्याच्या धुरामुळे उगवता चंद्र दर पौर्णिमेला लालभडक दिसतो. शेतात पाचट पेटवलेले असेल तर विचारूच नका. ग्रहणाच्या रात्रीही धूर, धूळ आणि पावसाळी दमट हवा होतीच. चंद्र लाल दिसण्याचे कारण आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. त्यासाठी पृथ्वीच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही.

मार्कंडेय_काठ

अण्णा, उगवत्या चंद्राबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, आणि तेथेही निळा गळून लाल उरतो. पण ती वेगळी घटना आहे आणि दोन्हींत फरक कसा ओळखायचा, हे सांगतो. त्या रात्री ग्रहणाचा मध्य आपल्या वेळेने 11 वाजून 41 मिनिटांनी झाला. तेव्हा बेळगावातून चंद्र क्षितिजाजवळ नव्हता, साठ अंशांहून वर होता. एवढ्या उंचीवरच्या चंद्रासमोर आपली हवा अगदी पातळ असते. लाली आपल्या हवेची असती, तर दहा वाजता, म्हणजे चंद्राचा बराचसा भाग अजून सावलीबाहेर होता तेव्हा, तो उजळ भागही लाल दिसायला हवा होता, आणि आसपासच्या ताऱ्यांनाही तोच रंग चढायला हवा होता. आपल्यापैकी कोणीही तसे पाहिलेले नसावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रहणाच्या वेळी आपल्याकडे मध्यरात्र जवळ आलेली होती. त्या लाल रंगात बेळगावच्या हवेचा काहीही वाटा नव्हता. सूर्याचे किरण पृथ्वीला घासून जातात ते फक्त दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरून, म्हणजे जेथे त्या क्षणी सूर्य उगवत किंवा मावळत असतो तेथून. 11 वाजून 41 मिनिटांनी आफ्रिकेच्या पश्चिम भागात आणि पश्चिम युरोपात सूर्यास्ताची वेळ होती, तर न्यूझीलंडच्या पूर्वेकडील प्रशांत महासागरावर सूर्योदय होत होता. आपण चंद्रावर जे तांबूसपण पाहिले, ते तिकडच्या संध्याकाळचे आणि सकाळचे होते. तेथे ढग दाट असतील तर चंद्र काळवंडतो, मग आपल्याकडे आकाश कितीही निरभ्र असो.

बाई, आता आपल्या प्रश्नाचा हिशेब. दुपारी डोक्यावरून सरळ येणाऱ्या प्रकाशातील, स्वच्छ हवा धरली तर, लाल रंगाचा शेकडा पाच भाग विखुरला जातो आणि निळ्याचा शेकडा वीस. दुपारचा सूर्य निळ्याविना दिसत नाही तो यामुळेच. पण जमिनीला घासून आरपार गेलेल्या किरणाला डोक्यावरच्या हवेच्या सुमारे 76 पट हवा ओलांडावी लागते. दर थरात शेकडा पाच कमी होत 76 थर गेले, तर लालाचा सुमारे पन्नासातला एक भाग शिल्लक राहतो. दर थरात शेकडा वीस कमी होत तितकेच थर गेले, तर निळा दोन कोटींत एक भाग एवढाच उरतो. म्हणजे तो उरतच नाही.

जमिनीपासून सहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या किरणाला साधारण निम्मीच हवा लागते. तेथून लालाचा सातातला एक भाग सुटतो आणि निळ्याचा सुमारे पाच हजारांतला एक. या उंचीवर लालाबरोबर नारिंगी आणि थोडा पिवळाही पार होतो, म्हणूनच एकूण रंग कुंकवासारखा शुद्ध लाल न राहता तांब्यासारखा दिसतो.

खानापूर_फोटोवाला

सर, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी जांबोटी रस्त्यावर मोकळ्या माळावर तिकाटणे लावून बसलो होतो. दहा ते अकराच्या दरम्यान मी मोबाईलने जे फोटो काढले, त्यांत सावलीने झाकलेला भाग चक्क काळा आला आहे, लालीचा मागमूस नाही. अकरानंतरच्या फोटोंत मात्र संपूर्ण चंद्र केशरी आला आहे. दुकानात दाखवले तर कॅमेऱ्याचा सेन्सर गेला असे सांगून त्यांनी नवा मोबाईल दाखवायला सुरुवात केली. खग्रास सुरू होईपर्यंत लाली नसतेच, की माझा मोबाईल खरोखर बिघडला आहे?

जुना_बेळगावकर

मोबाईलचे मला कळत नाही, पण डोळ्यांनाही असेच दिसते. आमच्या घरी आजोबा पंचांग पाहत, आणि सूर्यसिद्धांतात ग्रहणाच्या रंगांचा एक श्लोक आहे तो ते म्हणून दाखवत. निम्म्याहून कमी ग्रासलेला चंद्र धुरकट दिसतो, निम्म्याहून अधिक ग्रासला की काळा दिसतो, सुटत असताना काळसर तांबडा आणि खग्रासात कपिल वर्णाचा, असा त्याचा अर्थ आहे. कपिल म्हणजे पिंगट तांबूस. ज्यांनी हे लिहिले त्यांनी अनेक ग्रहणे नीट पाहिली असणार, कारण क्रम बरोबर जुळतो.

मार्कंडेय_काठ

काका, हा श्लोक येथे आणल्याबद्दल मनापासून आभार. खानापूरच्या मित्राला उत्तर त्यातच मिळते. मोबाईल बिघडलेला नाही, दुकानात पुन्हा जाऊ नका. सावलीत बुडालेला भाग सावली पडल्या क्षणापासून लालच असतो. पण पौर्णिमेचा उजळ भाग त्याच्यापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असतो, आणि अंधारात समोरून मोटारीचा दिवा आला की रस्त्याकडेचा माणूस दिसेनासा होतो, तसेच येथे होते. मोबाईल उजळ भागाला जमेल एवढाच प्रकाश आत घेतो, आणि त्या मापात लाल भाग काळा ठरतो. पुढच्या वेळी चंद्राचा बराचसा भाग झाकला गेल्यावर प्रकाश घेण्याचा वेळ हाताने एक-दोन सेकंदांपर्यंत वाढवा. उजळ कड पांढरीफटक होऊन वाया जाईल, पण काळ्या भागातून तांबूस रंग वर येईल. साध्या दुर्बिणीतूनही तो दिसतो.

खानापूर_फोटोवाला

खूप आभारी आहे, सर. आणखी एक सांगायचे राहिले. अकराला पाच-दहा मिनिटे कमी असतानाच्या एका फोटोत लाल भाग आणि उजळ कड यांच्या मध्ये फिकट निळसर पट्टा आला आहे. तो मी मोबाईलचा दोष समजून काढून टाकणार होतो.

मार्कंडेय_काठ

तो फोटो काढून टाकू नका. सावलीच्या अगदी कडेला जो प्रकाश पोहोचतो, त्याला फार वळावे लागत नाही, त्यामुळे तो वीस-तीस किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतून आलेला असतो. तेथे विखुरणे कमी आणि ओझोनचा थर मोठा असतो. ओझोन नारिंगी आणि लाल प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो, म्हणून तेथून आलेल्या प्रकाशात निळसर झाक उरते. मात्र तुमच्या फोटोतील पट्टा तोच आहे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. लाल आणि पांढरा शेजारी आले की मोबाईल स्वतःही रंग जुळवताना मधल्या भागाला निळसर करून टाकतो. पाठोपाठ काढलेल्या तीन-चार फोटोंत तो पट्टा सावलीच्या कडेबरोबर सरकत गेला असेल, तर तो खरा असण्याची शक्यता वाढते.

खानापूर_फोटोवाला

त्या वेळचे दोनच फोटो आहेत, मध्येच ढग आला. एकात पट्टा आहे, दुसऱ्यात नक्की सांगता येत नाही.

जुना_बेळगावकर

मला एक जुनी शंका विचारायची आहे. 10 डिसेंबर 1992 च्या पहाटे खग्रास ग्रहण होते. मी वडगावच्या घरी पाचच्या सुमारास अंगणात आलो होतो. आकाश स्वच्छ होते, थंडी होती, तारे लखलखत होते, आणि चंद्र सापडेना. पश्चिमेला बराच वेळ पाहिल्यावर राखेच्या गोळ्यासारखे काहीतरी दिसले. लाल रंग नव्हताच. मुलांना उठवून आणले तर ती म्हणाली, चंद्र मावळला आहे. त्यानंतर मी 2018 च्या जानेवारी आणि जुलैतील दोन्ही खग्रास ग्रहणे पाहिली, पण तसा अंधार पुन्हा दिसला नाही. आपण सांगितलेला हिशेब तर दर वेळी सारखाच लागू व्हायला हवा.

मार्कंडेय_काठ

काका, आपण पाहिले ते ग्रहण अतिशय काळोखे म्हणून जगभर नोंदले गेले आहे. माझा हिशेब स्वच्छ हवेचा होता, आणि त्या वर्षी हवा स्वच्छ नव्हती. जून 1991 मध्ये फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यातून गेलेल्या गंधकाच्या वायूपासून आम्लाचे सूक्ष्म थेंब तयार झाले आणि ते वीस किलोमीटरच्या वर साऱ्या पृथ्वीभोवती पसरले. तेथे पाऊस नसल्यामुळे ते धुऊन जात नाहीत आणि दीड-दोन वर्षे तरंगत राहतात. हे थेंब हवेच्या रेणूंहून खूप मोठे असल्यामुळे निळा आणि लाल असा भेद फारसा करत नाहीत, दोन्ही अडवतात. राखेचा गोळा हे आपले वर्णन म्हणूनच अगदी चपखल आहे. 1883 च्या क्राकाटोआच्या उद्रेकानंतर 1884 च्या ऑक्टोबरातील ग्रहणही असेच काळवंडले होते.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँ यांनी यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी सुचवली. जवळजवळ दिसेनासा झालेला चंद्र म्हणजे शून्य, आणि उजळ तांबूस-केशरी म्हणजे चार. आपण 1992 साली पाहिलेला चंद्र शून्याच्या जवळपास बसेल.

निपाणीकर

सर, माझी चूक मी मान्य करतो. मग यंदाच्या ग्रहणाला आपण किती गुण द्याल? मी तीन देईन, मला तो चांगला तांबडा दिसला. बाईंनी मात्र मंद तपकिरी लिहिले आहे. आणि खालची कड उजळ दिसण्याचे कारण काय?

मार्कंडेय_काठ

कडेचे कारण हिशेबात बसते. या वेळी चंद्र सावलीच्या केंद्राच्या दक्षिणेकडून गेला, आणि ग्रहणाच्या मध्याला केंद्र चंद्राच्या उत्तरेकडील कडेला जवळजवळ टेकलेले होते. आपण दक्षिणेकडे तोंड करून पाहत होतो, म्हणून उत्तर बाजू वर होती. त्या वरच्या भागात पोहोचायला किरणाला सुमारे एक अंश वळणे भाग होते, म्हणजे ढग आणि धूळ असलेल्या खालच्या दोन-चार किलोमीटरच्या हवेतूनच त्याला यावे लागले. चंद्राची खालची कड केंद्रापासून सावलीच्या काठापर्यंतच्या वाटेत साधारण तीन चतुर्थांश अंतरावर होती. तेथे अर्धा अंश वळलेला किरणही पोहोचतो, आणि तो सात-आठ किलोमीटर उंचीवरून, बऱ्याचशा ढगांच्या वरून आलेला असतो. म्हणून ती कड उजळ आणि अधिक केशरी दिसली.

गुणांबद्दल माझे मत बाईंच्या बाजूचे आहे, मी दोन देईन. पण निपाणीकर, आपण कोणत्या वेळी पाहिले होते?

निपाणीकर

सव्वाबाराला, झोपण्याआधी.

मार्कंडेय_काठ

खग्रास स्थिती बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत होती, म्हणजे तेव्हा चंद्र सावलीच्या काठाशी आलेला होता. तीन गुण त्या वेळेला कदाचित योग्यही असतील. बाईंनी पाहिले तेव्हा मध्ये ढगांचा पातळ पडदा असेल, तर त्यानेही तेज कमी झाले असणार. त्यामुळे आपल्या तिघांच्या नोंदींवरून एकच आकडा काढणे मला योग्य वाटत नाही.

शहापूरची_शिक्षिका

आज वर्गात प्रयोग केला. लिटरभराच्या चौकोनी पारदर्शक बाटलीत पाणी घेतले, दुधाचे पाच-सहा थेंब टाकले आणि खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. बॅटरी बाटलीच्या रुंदीतून पाहिली तेव्हा फक्त पिवळट दिसली. तीच बाटली आडवी धरून लांबीतून पाहिली तेव्हा नारिंगी झाली, आणि बाजूने पाहणाऱ्या मुलांना दुधाळ पाण्यात निळसर छटा दिसली. लोलकाची आकृती दाखवणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे निळा बाजूला पळाला, लाल वळला नाही.’ मी फळ्यावरचे जुने वाक्य तिलाच पुसायला लावले.

मार्कंडेय_काठ

प्रयोग उत्तम झाला. एवढे मात्र मुलांना सांगा की दुधातील स्निग्धाचे कण हवेच्या रेणूंच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे रंगांची निवड हवेएवढी काटेकोर होत नाही. थेंब जास्त पडले तर बॅटरी नारिंगी न होता नुसती मंद पांढरी होत जाते. तसे झाले तर तीच बाटली काकांच्या 1992 च्या चंद्रासाठी वापरता येईल.

हुक्केरी_अण्णा

मी आमच्या हवेबद्दलचे म्हणणे मागे घेतो, पण उगवत्या चंद्राची गोष्ट तशीच आहे ना? पुढचे खग्रास आपल्याकडून नीट कधी दिसेल?

मार्कंडेय_काठ

उगवत्या चंद्राचे आपले म्हणणे कायम आहे, अण्णा. 31 डिसेंबर 2028 च्या रात्री साडेदहाच्या आसपास खग्रास स्थिती असेल आणि चंद्र आपल्याकडे चांगला वर आलेला असेल. तेव्हा पावसाळा नसेल, पण तो गळिताचा हंगाम असेल. ग्रहण लागण्याआधी पूर्ण उजळ चंद्राचा रंग टिपून ठेवा, म्हणजे आपल्या धुराचा वाटा किती आणि सावलीचा किती हे वेगळे काढता येईल.

जुना_बेळगावकर

तोवर हा धागा कोणी बंद करू नये. मी तेव्हाही वडगावच्या त्याच अंगणातून पाहीन आणि येथे लिहीन.